सातपूरहून गोंद्याला नोकरी बदलली, टीडीएस दोन्ही कंपन्यांनी कापला. आता रिफंड येणार की पैसे भरावे लागणार?

गोंदे_शिफ्ट
८ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैपर्यंत मी सातपूरला एका कंपनीत होतो, १ ऑगस्टपासून गोंद्याच्या कंपनीत लागलो. दोन्हीकडे पगारातून इन्कम टॅक्स कापला गेलाय आणि आता हिशोब लागेना म्हणून विचारतोय.

आकडे असे. जुनीकडे महिना १,३०,००० होता, एप्रिल ते जुलै चार महिने. दर महिन्याला ८,९०५ टीडीएस, म्हणजे ३५,६२०. नवीकडे १,७५,०००, ऑगस्ट ते मार्च आठ महिने. तिथे पे-स्लिपवर दर महिन्याला १०,२३८ दिसतात. पेरोलच्या शीटवर वर्षाचा टॅक्स ८१,९०० लिहिलाय. दोन्ही मिळून १,१७,५२० होतात. नवी करप्रणाली दोन्हीकडे. घरभाडं, एलआयसी वगैरे काही दाखवलेलं नाही.

शिफ्टमधला मित्र म्हणतो, दोघांनी कापलाय म्हणजे जास्तच गेलाय, जुलैत रिटर्न भरलं की परत येईल. बायको म्हणते आधी विचारून घ्या, मग त्या पैशांवर फ्रिज ठरवा. जाणकारांनी सांगा.

---

सिडको_सचिन
८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

दादा, निर्धास्त राहा. दोन ठिकाणी कापला म्हणजे डबल कापला. माझं २०२२ ला असंच झालं होतं, नोकरी बदलली आणि रिटर्न भरल्यावर बावीस हजार खात्यात आले. फक्त दोन्ही फॉर्म सोळा जपून ठेवा.

---

पंचवटीकर
८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पीएफ ट्रान्सफर केलात का? तो काढू नका हो. एकूण नोकरी पाच वर्षांची झाली नसेल आणि रक्कम पन्नास हजारांवर असेल तर पॅन देऊनही १० टक्के कापतात. माझ्या मेहुण्याने काढला आणि पस्तावला. जुन्या नोकरीची वर्षं नवीत धरली जातात, पण पीएफ ट्रान्सफर केला तरच.

---

गोंदे_शिफ्ट
८ फेब्रुवारी, रात्री १०:४४

पीएफ ट्रान्सफर झालाय दादा, धन्यवाद. माझा प्रश्न पगारातल्या टॅक्सचा आहे.

---

जुना_लेखापाल
९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

फ्रिज थांबवा. तुम्हाला रिफंड नाही, उलट भरणा निघतो. आणि आज ९ फेब्रुवारी आहे म्हणून सांगतो, हे जुलैत कळण्यापेक्षा आत्ता कळलं ते फार बरं झालं.

बावीस वर्षं मी कारखान्यांत पगाराचं काम केलं. नोकरी बदललेल्या माणसाचा हा गैरसमज दरवर्षी असायचा, म्हणून जरा सावकाश लिहितो.

आधी तुमचा खरा टॅक्स काढू. वर्षाचा पगार म्हणजे ५,२०,००० अधिक १४,००,०००, बरोबर १९,२०,०००. स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० एकदाच मिळतं, कारण ते माणसाला आहे, कंपनीला नाही. उरले १८,४५,०००. यंदाच्या स्लॅबप्रमाणे पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर पाच टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चारवर दहा टक्के म्हणजे ४०,०००, बारा ते सोळावर पंधरा टक्के म्हणजे ६०,०००, आणि सोळाच्या वरच्या २,४५,००० वर वीस टक्के म्हणजे ४९,०००. बेरीज १,६९,०००. चार टक्के सेस धरून १,७५,७६०.

कापले गेलेत १,१७,५२०. कमी पडतात ५८,२४०.

आता हे कमी का पडले ते बघा. जुन्या कंपनीने काही चुकीचं केलं नाही. तुम्ही वर्षभर राहाल असं धरून तिने १५,६०,००० वर १,०६,८६० टॅक्स काढला आणि त्याचा बारावा भाग दर महिन्याला कापला. नव्या कंपनीला तुमचे सातपूरचे चार महिने ठाऊकच नाहीत. तिच्या लेखी तुम्ही १४,००,००० मिळवणारा माणूस. तिने तुम्हाला पुन्हा ७५,००० चं डिडक्शन दिलं, पुन्हा पहिले चार लाख माफ केले, पुन्हा पाच टक्क्यांपासून सुरुवात केली. जिना तुम्ही एकदा चढलात, पण तिने तुम्हाला परत तळमजल्यावरून मोजलं. म्हणून ८१,९००.

तुम्ही तिला सुरुवातीलाच आधीचा पगार कळवला असता, तर तिने १,७५,७६० मधून जुन्या कंपनीचे ३५,६२० वजा करून उरलेले १,४०,१४० आठ महिन्यांत वाटले असते. महिन्याला १०,२३८ ऐवजी साधारण १७,५१८ कापले गेले असते. तो दर महिन्याचा सात हजार दोनशे ऐंशीचा फरक आत्तापर्यंत तुमच्या हातात आलाय, म्हणून पगार चांगला वाटत असेल.

---

सिडको_सचिन
९ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

काका, मग माझे बावीस हजार कसे आले? खोटं सांगत नाही मी.

---

जुना_लेखापाल
९ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

खोटं नाहीच म्हणत. तुम्ही नोकरी सोडल्यावर लगेच दुसरी लागली होती का, की मध्ये काही महिने घरी होतात?

---

सिडको_सचिन
९ फेब्रुवारी, सकाळी ९:४१

चार महिने घरी होतो. नंतर लागली ती पण कमी पगारावर.

---

जुना_लेखापाल
९ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

तिथेच उत्तर आहे. पहिली कंपनी बारा महिन्यांचा पगार गृहीत धरून कापते. मध्ये पगार थांबला किंवा उतरला, तर वर्षाची बेरीज तिच्या अंदाजापेक्षा कमी भरते आणि जादा कापलेलं परत येतं. यांचा पगार एक दिवसही थांबला नाही आणि वर चढला. यांच्याच बाबतीत समजा जुलैनंतर मार्चपर्यंत नोकरीच लागली नसती, तर ५,२०,००० वर टॅक्स शून्य आणि कापलेले ३५,६२० सगळे परत. दोघांनी कापलं एवढ्यावरून जास्त झालं की कमी हे कळत नाही. वर्षाची बेरीज करूनच बघावं लागतं.

---

पाथर्डीफाटा
९ फेब्रुवारी, दुपारी १:१०

मी पण सप्टेंबरअखेर कंपनी बदलली, पण माझं कुठेच काही कापलं नाही, म्हणजे मला हे लागू नाही ना? आधी ९५,००० होते, आता १,३०,०००. दोन्ही वर्षाला बारा लाखांच्या आतलेच हिशोब आहेत, एचआरने सांगितलं की बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही. इथे बाकीच्यांचं कापलंय म्हणून वाटलं माझं बरोबर आहे.

---

अंबडची_मीनल
९ फेब्रुवारी, दुपारी १:४८

ताई, थांबा, तुमचं यांच्यापेक्षा जास्त काळजीचं आहे. मी अंबडला पेरोलमध्ये आहे, असे कागद रोज हाताखालून जातात.

तुमच्या पहिल्या कंपनीने ९५,००० गुणिले बारा म्हणजे ११,४०,००० धरले. डिडक्शन काढून बारा लाखांच्या आत, म्हणून शून्य. दुसऱ्या कंपनीने फक्त तिच्याकडचे सहा महिने धरले, ७,८०,०००. तिथेही शून्य. दोघींनी आपापल्या जागी बरोबर केलं. पण तुमचा वर्षाचा पगार ५,७०,००० अधिक ७,८०,००० म्हणजे १३,५०,००० आहे. ७५,००० वजा केले तरी १२,७५,००० उरतात, आणि बारा लाखांची सूट माणसाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाला आहे, प्रत्येक कंपनीला वेगवेगळी नाही. एकदा बारा लाख ओलांडून इतकं पुढे गेलं की चार लाखांच्या वरच्या सगळ्यावर स्लॅब लागतात. ७१,२५० आणि सेस मिळून ७४,१०० तुमचा टॅक्स. कापलेला शून्य.

आमच्याकडे यंदा असे लोक जास्त दिसतायत. बारा लाखांची सूट याच वर्षापासून आहे, त्यामुळे नवीन माणूस ऑक्टोबरात लागला की त्याचा सहा महिन्यांचा पगार जवळजवळ नेहमी सुटीत बसतो, आणि सिस्टिम निमूट शून्य दाखवते.

---

पाथर्डीफाटा
९ फेब्रुवारी, दुपारी २:०२

७४ हजार?? मला हातपाय गार पडल्यासारखं झालं. आता काय करू?

---

अंबडची_मीनल
९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

तुम्ही आणि धागा काढणारे दादा, दोघांनाही एकच सांगते. आजच तुमच्या पेरोलकडे फॉर्म बारा बी मागा. दोन-एक पानांचा असतो. त्यात आधीच्या कंपनीचं नाव-पत्ता, तिचा टॅन आणि पॅन, तिथे किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होतात, किती पगार मिळाला, पीएफ किती गेला आणि टीडीएस किती कापला, एवढं भरायचं आणि शेवटी सही. टॅन तुमच्या २६ एएस मध्ये कंपनीच्या नावाशेजारी सापडेल.

सोबत जुन्या कंपनीची शेवटची पे-स्लिप, फुल अँड फायनलचा कागद आणि त्यांनी दिली असेल तर टॅक्सची शीट जोडा. फॉर्म सोळाची वाट पाहू नका, तो जूनमध्ये येतो आणि तोपर्यंत हे वर्ष संपलेलं असतं.

लोकांना वाटतं पॅन दिला की नव्या कंपनीला सगळं दिसतं. नाही दिसत. तुमचं २६ एएस फक्त तुम्ही बघू शकता. आम्हाला तुम्ही सांगाल तेवढंच कळतं, आणि आम्ही सक्तीही करू शकत नाही, देणं न देणं कर्मचाऱ्याच्या हातात आहे. पण एकदा तुम्ही लिहून दिलंत की तो पगार धरून कापणं आमचं काम. फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून उरलेला सगळा टॅक्स कापता येतो, वर्षातली आधीची तूट शेवटच्या महिन्यांत भरून काढायला कायद्यात मुभा आहे.

हे मात्र आत्ताच सांगून ठेवते, हातात येणारा पगार दोन महिने फार कमी दिसेल. दादांचे नेहमीच्या १०,२३८ वर आणखी २९,१२० प्रत्येक महिन्याला जातील, ताईंचे ३७,०५०. घरातले हप्ते त्याप्रमाणे बघून ठेवा.

---

गोंदे_शिफ्ट
९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

मीनलताई, लेखापाल काका, खूप आभार. फ्रिजचं राहू द्या.

आज पेरोलला विचारलं. तिकडचा मुलगा म्हणाला की गुंतवणुकीचे कागद घ्यायची मुदत ३१ जानेवारीला संपली, आता सिस्टिम बंद आहे, रिटर्न भरताना तुम्हीच भरा, फरक काही पडत नाही, टॅक्स तेवढाच आहे. खरंच फरक पडत नाही का? तसं असेल तर दोन महिने तंगी कशाला काढू, जुलैत एकदम भरतो. तोपर्यंत पैसे एफडीत राहतील.

---

सिडको_सचिन
९ फेब्रुवारी, रात्री ८:४०

बरोबर आहे त्याचं. आणि अॅडव्हान्स टॅक्स धंदेवाल्यांना असतो, पगारदाराला नाही.

---

जुना_लेखापाल
१० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

पगारदाराला अॅडव्हान्स टॅक्स लागत नाही असं आपण म्हणतो, कारण बहुतेकांचा सगळा टॅक्स टीडीएसमध्येच भागतो आणि मागे काही उरत नाही. टीडीएस वजा करून दहा हजार किंवा त्याहून जास्त उरत असेल तर पगारदारालाही तो लागू आहे. इथे ५८,२४० उरतात.

फरक पडतो, आणि तो तीन वाटांनी तीन वेगवेगळा पडतो. माझ्या मते या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवण्यासारखं हेच आहे.

पहिली वाट मीनल यांनी सांगितलेली. कंपनीने फेब्रुवारी-मार्चमध्ये ५८,२४० कापले, तर व्याज शून्य. याचं कारण असं की अॅडव्हान्स टॅक्सचा हिशोब करताना आधी टीडीएस वजा होतो, आणि तो वर्षाच्या कोणत्या महिन्यात कापला हे बघितलं जात नाही. मार्चमध्ये कापलेला टीडीएसही पूर्ण वर्षाच्या खाती जमा धरतात. मागे काही उरलंच नाही, मग हप्ता चुकल्याचा प्रश्न येत नाही.

दुसरी वाट, कंपनीने ऐकलं नाही म्हणून तुम्ही स्वतः मार्चच्या मध्यापर्यंत भरलेत. आता तो अॅडव्हान्स टॅक्स झाला, आणि त्याचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला असतात. तुमचे पहिले तीन चुकले. १५ जूनला १५ टक्के हवे होते, सप्टेंबरला एकूण ४५, डिसेंबरला एकूण ७५. प्रत्येक वेळच्या तुटीवर तीन महिन्यांचं महिना एक टक्का. तुमच्या आकड्यावर ते २६१, ७८६ आणि १,३०८ होतं, मिळून २,३५५.

तिसरी वाट, जुलैत भरलेत. वरच्या तिन्हींत मार्चच्या हप्त्याचे ५८२ मिळवा, म्हणजे २,९३७. शिवाय वर्ष संपताना नव्वद टक्के भरलेला नव्हता म्हणून एप्रिलपासून भरेपर्यंत दर महिन्याला आणखी एक टक्का. जुलै धरून चार महिने झाले, २,३२८. एकूण ५,२६५. एफडीत ठेवून चार-पाच महिन्यांत यातलं किती सुटेल ते बघा, आणि एफडीच्या व्याजावर परत टॅक्स आहेच.

तेव्हा पेरोलच्या मुलाला पुन्हा विचारा. ३१ जानेवारी ही मुदत तुमच्या कंपनीने वजावटींचे कागद घ्यायला ठेवलेली आहे. तुम्ही वजावट मागत नाही, उलट जास्त कापा म्हणताय. लेखी द्या, ईमेलने, त्याच्या वरच्या साहेबांनाही कॉपी करून.

---

गोंदे_शिफ्ट
१० फेब्रुवारी, सकाळी ७:५०

काका, एक कळलं नाही. जूनमध्ये मी सातपूरला होतो, तेव्हा माझा टीडीएस अगदी बरोबर जात होता. नवी नोकरी मिळेल हेही माहीत नव्हतं. मग जूनच्या हप्त्याचं व्याज मला कसं?

---

जुना_लेखापाल
१० फेब्रुवारी, सकाळी ८:२०

तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि मला स्वतःला हे कधी पटलं नाही. शेअर विकून झालेला नफा, लॉटरी, लाभांश अशा अचानक येणाऱ्या उत्पन्नाला कायदा ही सवलत देतो, की ते मिळाल्यानंतरच्या हप्त्यांत भरलं तर मागचं व्याज नाही. पगाराला दिलेली नाही. रिटर्न भरताना आकडेमोड आपोआप होते आणि ती वर्षाच्या एकूण तुटीवरच होते. म्हणून तर पहिली वाट धरा म्हणतो, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

---

रविवार_कारंजा
१० फेब्रुवारी, दुपारी १२:३०

थोडा वेगळा, पण नोकरी बदलण्याचाच मुद्दा. माझ्या आधीच्या कंपनीने नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून फुल अँड फायनलमधून ६५,००० कापून घेतले. पण त्यांच्या टॅक्सच्या शीटवर पगार पूर्ण दाखवलाय, ६५,००० वजा न करता. जे पैसे मला मिळालेच नाहीत त्यावर टॅक्स का? बारा बी मध्ये मी कोणता आकडा लिहू?

---

अंबडची_मीनल
१० फेब्रुवारी, दुपारी १:१५

बारा बी मध्ये जुन्या कंपनीने दाखवलेलाच आकडा लिहा, नाहीतर त्यांचा कागद आणि तुमचा फॉर्म जुळणार नाही आणि पेरोल परत पाठवेल. आम्हीही कोणाची नोटीसची वसुली पगारातून वजा करत नाही. आणि नव्या कंपनीने ते पैसे तुम्हाला भरून दिले असतील तर तेही पगारात धरलं जातं, म्हणजे दोन्हीकडून लागतं. मला तरी हे अन्यायाचंच वाटतं.

---

जुना_लेखापाल
१० फेब्रुवारी, दुपारी ३:४०

यावर वाद आहे. आयकर न्यायाधिकरणाने काही प्रकरणांत माणसाच्या बाजूने निकाल दिलेत, की जो पगार हातात आलाच नाही तो धरू नये. पण फॉर्म सोळात एक आकडा आणि तुमच्या रिटर्नमध्ये दुसरा, असं झालं की विचारणा येण्याची शक्यता असते. ६५,००० वर वीस टक्क्यांनी सेससकट १३,५२० होतात. तेवढ्यासाठी कागद घेऊन उत्तरं द्यायची तयारी आहे का, हे तुम्ही आणि तुमचे सीए मिळून ठरवा. मी ठामपणे हो किंवा नाही म्हणणार नाही.

---

रविवार_कारंजा
१० फेब्रुवारी, दुपारी ४:०५

माझे सीए म्हणतात सोडून द्या, दुसरे एक ओळखीचे म्हणतात लढा. बघतो.

---

गोंदे_शिफ्ट
१३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

अपडेट. ईमेल केला, साहेबांना कॉपी केला. पेरोलवाल्यांनी बारा बी घ्यायचं मान्य केलं, पण फेब्रुवारीची प्रोसेस १५ तारखेला बंद होते, उद्यापर्यंत द्या म्हणाले.

फॉर्म भरायला बसलो आणि दुसरीच अडचण निघाली. टॅन शोधायला २६ एएस उघडलं. जुन्या कंपनीच्या नावाखाली एप्रिल, मे, जूनच्या ओळी आहेत, प्रत्येकी ८,९०५. जुलैची ओळच नाही. पे-स्लिपवर जुलैचे ८,९०५ कापलेले स्वच्छ दिसतात. आता बारा बी मध्ये ३५,६२० लिहू की २६,७१५?

---

अंबडची_मीनल
१३ फेब्रुवारी, रात्री ९:५५

३५,६२० लिहा आणि जुलैची पे-स्लिप जोडा. कापलेले आहेत ना, मग ते तुमचेच. आम्ही तरी असं आलं तर पे-स्लिप बघून धरतो.

पण ती ओळ का नाही हे शोधायला हवं. जुलै दुसऱ्या तिमाहीत जातो. तिचं टीडीएसचं रिटर्न कंपनीने ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. एवढ्यात दिसायलाच हवं होतं. माझ्या अनुभवात दोन कारणं असतात. एक तर सोडून गेलेल्या माणसाचा शेवटचा महिना फुल अँड फायनलमधून निघतो, तो नेहमीच्या पगाराच्या फाइलमध्ये नसतो आणि रिटर्नमध्ये घ्यायचा राहून जातो. किंवा पैसे भरलेत, पण पॅनमध्ये एखादं अक्षर चुकलंय. दोन्हींत कंपनीने दुरुस्तीचं रिटर्न भरलं की ओळ येते.

---

जुना_लेखापाल
१४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

सहमत. जुन्या कंपनीच्या अकाउंट्सला लेखी कळवा, जुलैची पे-स्लिप आणि बँकेत जमा झालेल्या रकमेचं पान जोडून. तोंडी फोनवर ठेवू नका. कायदा असा आहे की तुमच्या पगारातून कापलेला टॅक्स कंपनीने सरकारात भरला नाही, तरी तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण व्यवहारात रिटर्नवर प्रक्रिया होताना मशीन २६ एएस बघतं, तिथे नसेल तर मागणीची नोटीस येते आणि मग कागद दाखवून ती मागे घ्यायला लावावी लागते. गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात अशा कामासाठी खेटे घातलेली माणसं मी पाहिली आहेत. आता ओळ आली तर ते सगळं वाचेल.

आणखी एक, जूनमध्ये उपयोगी पडेल. तुम्ही बारा बी दिलात म्हणजे नव्या कंपनीच्या फॉर्म सोळाच्या बी भागात इतर मालकाकडून मिळालेला पगार म्हणून ५,२०,००० ची वेगळी ओळ येईल. जुन्या कंपनीचा फॉर्म सोळाही तेच ५,२०,००० दाखवेल. रिटर्न भरताना दोन्ही कागदांची आंधळी बेरीज केलीत तर पगार २४,४०,००० होईल. तुमचा खरा आकडा १९,२०,००० आहे, तो एका चिठ्ठीवर लिहून फाइलला लावून ठेवा.

---

पाथर्डीफाटा
१६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

माझं जमलं नाही. आमच्या कंपनीने साफ नकार दिला, म्हणाले वर्ष बंद करायला घेतलंय. म्हणून मी स्वतः भरायचं ठरवलंय. पोर्टलवर e-Pay Tax उघडलं, पण कोणतं वर्ष आणि कोणता प्रकार निवडायचा ते कळेना. चुकीचं भरलं तर ७४ हजार अडकतील अशी भीती वाटते.

---

जुना_लेखापाल
१६ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नकार देणं बरोबर नाही, पण भांडण्यात मार्च निघून जाईल, तेव्हा तुमचा निर्णय योग्य. Assessment Year मध्ये 2026-27 निवडा. इथेच लोक चुकतात, चालू वर्ष २०२५-२६ आहे म्हणून तेच निवडतात आणि पैसे मागच्या वर्षाच्या खाती जातात. प्रकार Advance Tax (100). ३१ मार्चनंतर भरणाऱ्यांनी Self-Assessment Tax (300) निवडायचा असतो, तो तुमच्यासाठी नाही. रक्कम टॅक्सच्या रकान्यात लिहा, व्याज रिटर्नच्या वेळी निघेल तेव्हा भरा. चलन डाउनलोड करून ठेवा.

यंदा १५ मार्चला रविवार आहे. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या आधीच्या शुक्रवारपर्यंत भरून मोकळ्या व्हा.

---

पाथर्डीफाटा
१६ फेब्रुवारी, रात्री ९:२५

फेब्रुवारीचा पगार झाला की अर्धे आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्धे, असं दोन चलनांत चालेल का?

---

जुना_लेखापाल
१६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

चालेल. दोन्ही चलनं रिटर्नमध्ये वेगवेगळी लिहायची.

---

गोंदे_शिफ्ट
२ मार्च, रात्री १०:१५

फेब्रुवारीचा पगार आला. टीडीएसच्या ओळीत ३९,३५८. आकडा आधी माहीत होता तरी पे-स्लिप उघडल्यावर पोटात कालवाकालव झाली. पेरोलच्या शीटवर आता आधीच्या कंपनीचे ५,२०,००० आणि ३५,६२० दोन्ही दिसतात आणि वर्षाचा टॅक्स बरोबर १,७५,७६०. काकांच्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळतोय.

जुन्या कंपनीच्या अकाउंट्सकडून उत्तर आलं, जुलैच्या फुल अँड फायनलचे सहा जण रिटर्नमधून राहिलेत, दुरुस्ती भरणार आहेत. कधी ते लिहिलं नाही. आज पुन्हा २६ एएस बघितलं, जूनच्या खाली अजून काही नाही. त्या सहांपैकी दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत, त्यांनाही उद्या सांगतो.